जनरेटर चालू होतो, पण टिकत नाही

जूनच्या पहिल्या वादळात गावाकडे लाईट गेली, म्हणून पडवीतला पेट्रोल जनरेटर बाहेर काढला. गेल्या गणपतीनंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. चोक लावून दोरी ओढली तर लगेच चालू झाला. चोक उघडला आणि खेळ सुरू झाला: रेस आपोआप चढायची, उतरायची, पुन्हा चढायची, बल्ब त्याच तालावर प्रखर-मंद व्हायचा आणि थोड्या वेळात मशीन बंद पडायचं.

एक गोष्ट लगेच लक्षात आली. चोक अर्धा ओढून ठेवला की आवाज एकसारखा व्हायचा. चोक हवा अडवतो, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. म्हणजे अर्ध्या चोकवर इंजिन सुधारत असेल तर त्याला पेट्रोल कमी पडतंय. रेस वरखाली होण्याचं कारणही तेच. पेट्रोल कमी पडलं की इंजिन मंदावतं, मग वेग एकसारखा राखणारा गव्हर्नर थ्रॉटल, म्हणजे मिश्रण आत सोडणारी झडप, उघडतो, वेग गरजेपेक्षा जास्त होतो, मग गव्हर्नर थ्रॉटल मिटवतो आणि पुन्हा तेच. इथे बरेच जण गव्हर्नरची स्प्रिंग पिळत बसतात. त्याला हात लावू नये. तो बिचारा आपलं काम बरोबर करत असतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या जनरेटरमध्ये ५० हर्ट्झ मिळायला इंजिन मिनिटाला सुमारे ३००० फेऱ्यांवर राहावं लागतं. स्प्रिंग बदलली की व्होल्टेजही बिघडतं.

कार्ब्युरेटर उघडण्याआधी दोन सोप्या गोष्टी पाहिल्या. टाकीचं झाकण सैल करून चालवून बघितलं, कारण झाकणातलं हवेचं भोक बुजलं तर पेट्रोल खाली उतरत नाही. काही फरक पडला नाही. ऑइलची पातळीही ठीक होती. ती कमी असती तर सेन्सरने इंजिन बंद केलं असतं, पण रेस अशी डोलली नसती.

मग इंजिन थंड होऊ दिलं, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, म्हणजे बाऊलच्या, तळाचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. पिवळसर रंग आणि व्हार्निशसारखा आंबूस वास. बाटली थोडा वेळ उभी ठेवली तर तळाशी वेगळा थर दिसू लागला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाला बसतं, आणि नेमका तोच भाग आधी कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. कोकणातला पावसाळा त्यात भर घालतो. म्हणून टाकीतलं सगळं जुनं पेट्रोल काढून टाकलं. ताजं ओतून ते सुधारत नाही.

बाऊलचा १० चा बोल्ट काढला. आत तळाला तपकिरी चिकट साय होती. मधल्या खांबातून मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा, स्क्रूड्रायव्हरने सोडवलं आणि त्यावरची बारीक भोकांची नळीही खाली पाडली. जेट उजेडाकडे धरलं तर भोक गोल न दिसता चंद्रकोरीसारखं दिसत होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पायलट जेट. माझ्या मशीनमध्ये ते कार्ब्युरेटरच्या वरच्या बाजूला, आयडलच्या स्क्रूखाली बसलेलं छोटं प्लास्टिकच्या डोक्याचं असतं. स्क्रू काढून ते अलगद उचकटलं. त्याच्या केसाएवढ्या भोकातून उजेड अजिबात येत नव्हता. लोड नसताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, म्हणून तेव्हा बरंचसं पेट्रोल याच वाटेने येतं. अनेक जण फक्त मेन जेट साफ करून बाऊल लावतात आणि मग रेस डोलायची ती डोलतेच.

कार्ब क्लीनर मारून सगळं भिजत ठेवलं आणि मग वायरीतली एक बारीक तांब्याची तार जेटमधून फिरवली. स्टीलची तार किंवा सुई वापरू नये. पितळ मऊ असतं आणि भोक जरासं मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. नंतर प्रत्येक वाटेतून हवा मारली. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण क्लीनर पलीकडच्या भोकातून थेट तोंडावर येतो. कॉकखालची जाळीही धुतली.

ताजं पेट्रोल घालून अंगणात, घराच्या खिडक्यांपासून लांब, पूर्ण चोकवर चालू केलं. अर्ध्या मिनिटाने चोक हळूहळू पूर्ण उघडला आणि आवाज ढळला नाही. मग पाण्याची मोटर लावली. क्षणभर इंजिन दबलं, मग सावरलं आणि स्थिर राहिलं. लोड देताच मशीन मरत असतं तर मेन जेट पुन्हा उघडावं लागलं असतं. चोक उघडल्यावर लोड नसताना डोलत असतं, तर पायलटची वाट अजून बंद किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या गॅस्केटमधून हवा शिरतेय असं समजायचं. गरम इंजिन पुन्हा चालू करताना चोक लावत नाही, नाहीतर प्लग ओला होतो.

आता काम संपलं की कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू देतो. मग ड्रेन स्क्रूतून बाऊलमधला उरलेला घोटभरही काढतो. लांब ठेवायचं असेल तर टाकीही रिकामी.