नवदीक्षितांचा वर्ग: वर्षावासातले रविवार

‘जय भीम. आमच्या विहारात नव्याने धम्म स्वीकारलेल्यांसाठी आणि स्वीकारायच्या विचारात असलेल्यांसाठी वर्ग सुरू करायचा आहे. अभ्यासक्रम कसा आखायचा? सुरुवात कुठून करायची?’

जय भीम. आधी वर्ग वर्षावासात बसवा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत साधारण बारा रविवार मिळतात. त्या काळात बहुतेक विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालूच असतं. नव्या माणसाला वर्गात बसलं की आजूबाजूचा समाजही आपोआप दिसतो. शिवाय अशोक विजयादशमी आश्विन पौर्णिमेच्या आधी पाच दिवस येते. ज्याची मनाची तयारी झाली असेल त्याला त्या दिवशी दीक्षा घेता येते. ज्याची झाली नसेल त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बसू द्या, त्यात कमीपणा मानू नका.

पहिले तीन रविवार मी वंदनेला देते. पाठांतर करून घेण्यासाठी नव्हे, ते ऐकून ऐकून होतंच. आपण रोज काय म्हणतो हे प्रत्येकाला आपल्या मराठीत सांगता यावं, एवढीच माझी अट असते. पुष्पपूजेची गाथाच घ्या. नवीन माणूस मूर्तीपुढे फूल ठेवतो तेव्हा जुन्या सवयीने मनात काहीतरी मागणं येतं: मुलाची नोकरी, आईचं दुखणं. पण पालीत तो म्हणत असतो, ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’. हे फूल जसं कोमेजतं, तसंच हे शरीरही नाशाकडे जातं. म्हणजे या पूजेत मागणं कुठेच नाही. हा अर्थ समजला की माणूस फूल ठेवताना क्षणभर थांबतो, आणि मूर्ती ही देव्हाऱ्यातल्या देवाची बदली नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही. तुमचा वर्ग नीट चाललाय की नाही हे याच ठिकाणी कळतं. पंचशील एका दमात म्हणणारा माणूस तिसरं शील कोणतं विचारल्यावर गडबडला, तर पुढच्या धड्याकडे जाऊ नका.

त्यानंतर बावीस प्रतिज्ञा. इथे बऱ्याच वर्गांची गाडी अडते. पहिल्या आठांत बहुतेक नकार आहेत: ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, गौरी-गणपतीची उपासना करणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. शिक्षक त्या आठांवरच तीन-चार रविवार घालवतात. मग समोरच्याला वाटतं की धम्म म्हणजे काय काय सोडायचं याची यादी. मी समजावताना क्रम बदलते. नवव्या-दहाव्यापासून सुरू करते: सर्व माणसं समान आहेत असं मानीन, समतेच्या स्थापनेसाठी प्रयत्न करीन. मग अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता आणि शीलाच्या प्रतिज्ञा. एवढं झाल्यावर पहिल्या आठांकडे परत येते. तोवर वर्गाला प्रश्न पडलेला असतो: समता मानायची तर जातीला ज्या श्रद्धेचा आणि ज्या विधींचा आधार आहे, त्या धरून कशा चालतील? बाबासाहेबांचं म्हणणं तेच होतं, आणि ते वर्गातल्या माणसाला स्वतःहून सुचलं की ते टिकतं. दीक्षेच्या दिवशी मात्र प्रतिज्ञा मूळ क्रमानेच घ्यायच्या. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी आधी भदंत चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग समोरच्या लाखोंना स्वतः या प्रतिज्ञा दिल्या. त्यात आपण फेरफार करू नये.

बुद्धचरित्रासाठी दोन रविवार पुरतात, पण एका प्रश्नाची तयारी ठेवा. शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेलं असतं की सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिलं आणि घर सोडलं. बाबासाहेबांनी ही कथा स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांचा होईपर्यंत या गोष्टी त्याच्या नजरेस पडल्याच नाहीत, हे त्यांना पटलं नाही. त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचं भांडण पेटतं, शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि बहुमतापुढे न झुकता परिव्रज्या पत्करतो. दोन्ही कथा वर्गापुढे ठेवा, एक लपवू नका. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून धम्माकडे आलेले काही जण वर्गात हमखास असतात. त्यांना दुःखाची बाजू जवळची वाटते, वस्तीतल्यांना पाण्याच्या भांडणाची. मी दोघांनाही एकच सांगते: आपल्या विहारात बाबासाहेबांचा ग्रंथ पाया आहे. ध्यान कराच, पण शेजारच्याच्या दुःखाचं कारण समाजात असेल तर ते डोळे मिटून जाणार नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो घरातल्या प्रसंगांना, आणि त्यातही मृत्यूला. लग्न ठरवून होतं. पांढरे कपडे, बौद्धाचार्य, मंगल परिणयाचा विधी, सगळ्याची तयारी करायला महिने मिळतात. मृत्यू सांगून येत नाही, आणि नवदीक्षित माणूस मागे फिरतो तो बहुधा तिथेच. आमच्या वर्गातल्या एका तरुणाचे वडील दीक्षेनंतर काही महिन्यांनी वारले. तो एकटाच बौद्ध, चुलते-मामा सगळे जुन्या वळणाचे. दहाव्याला पिंड ठेवायचा, कावळा शिवेपर्यंत थांबायचं, मुंडण करायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तो टिकला, कारण काय करायचं हे त्याने वर्गात लिहून घेतलं होतं. बौद्धाचार्यांना रात्रीच फोन केला. स्मशानात त्रिशरण-पंचशील झालं, ‘अनिच्चा वत सङ्खारा’ ही गाथा म्हटली गेली. पुढे घरी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. चुलत्यांशी त्याने वाद घातला नाही. ‘काका, तुम्ही बसा, अण्णांबद्दल चार शब्द बोला,’ असं म्हणाला. काका बोलले. पिंडासाठी कुणी पुन्हा अडून बसलं नाही.

म्हणून या रविवारी प्रत्येकाकडून एक कागद लिहून घ्या: बौद्धाचार्यांचा नंबर, विहारातल्या दोन माणसांचे नंबर, विधीचा क्रम आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगायची दोन वाक्यं. तो कागद घरातल्या आणखी एकाच्या हाती असू द्या, कारण प्रसंग आला की ज्याने लिहिला तोच शुद्धीवर नसतो. घरातल्या देव्हाऱ्याचंही तसंच. सासू-सासऱ्यांचा असेल तर तो उचलून नदीत सोडा असं नव्या सुनेला कुणी सांगू नये. तिने स्वतः पूजा करायची नाही, एवढं तिच्या हातात आहे.

जातीच्या दाखल्याबद्दल वर्गात कुणी मोठ्याने विचारत नाही, बाहेर चपला घालताना विचारतात. तुम्ही स्वतःहून विषय काढा. १९५०च्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या, १९५६ला शिखांचा समावेश झाला आणि १९९०च्या दुरुस्तीने बौद्धांचा. अनुसूचित जातीतून आलेल्याने या भीतीपोटी कागदावर धर्म लपवायची गरज नाही. इतर प्रवर्गांतून आलेल्यांना मात्र आपल्या दाखल्याची चौकशी आधी करायला सांगा, उगाच छातीठोक उत्तर देऊ नका.

आणि शेवटचा रविवार शिकवण्यासाठी ठेवू नका. त्या दिवशी प्रत्येकाला विहारातलं एक काम नेमून द्या: पौर्णिमेची खीर, ग्रंथवाचनाची पाळी, मुलांना वंदना शिकवणं, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांच्या पाण्याची सोय. वाचनाची पाळी शक्यतो सगळ्यात लाजाळू माणसाला द्या, आणि पहिल्या वेळी त्याच्या शेजारी जाऊन बसा.