तुम्ही विचारलंत म्हणून: पपई, दही आणि वातड मटण

"मटण मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई नक्की किती लावायची? दही लावलं तर पपईची गरज उरते का? मी दोन्ही लावून बघते, पण मटण कधी वातड राहतं, तर कधी वरून त्याचा लगदा होतो."

तुम्ही खाटकाकडून कोणता भाग आणला आहे, यावर निम्मे उत्तर अवलंबून आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. मांसाचा वातडपणा दोन निरनिराळ्या गोष्टींतून येतो. एक म्हणजे स्नायूचे लांब तंतू, जे उष्णता लागली की आकसतात आणि स्वतःतले पाणी बाहेर टाकतात. दुसरी म्हणजे त्या तंतूंना एकत्र बांधून ठेवणारे पांढरे जाळे, ज्यात मुख्यतः कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. जनावर दिवसभर ज्या स्नायूंवर जोर देते, म्हणजे नळी, मान आणि खांदा, त्यांत हे जाळे दाट असते; पाठीलगतच्या चापेत ते विरळ असते. बोकड जून होत जातो तसतसे या जाळ्यातले धागे एकमेकांशी अधिक पक्के जोडले जातात, आणि म्हणूनच कोवळ्या मटणाला पुरणारा वेळ जून मटणाला पुरत नाही.

आता एक किलो जून बोकडाचे मटण समोर ठेवू. त्यातला अर्धा किलो मांडीचा बिनहाडाचा भाग सुके मटण करण्यासाठी, आणि उरलेला अर्धा किलो नळी व मान रश्श्यासाठी. जनावर एकच असले तरी या दोन वाट्यांना एकच उपाय चालत नाही, आणि बहुतेक घरांत गडबड होते ती दोघांनाही एकाच वाडग्यात पपई-दह्यात मुरवल्यामुळे.

मांडीच्या तुकड्यावर पहिले काम सुरीचे आहे. तो पाटावर ठेवून खिडकीच्या उजेडात पाहिला, तर त्यावर एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात, तेच तंतू. ते दोरखंडाच्या पिळांसारखे शेजारी शेजारी पडलेले असतात, आणि तुकडा त्यांच्या लांबीने कापला, तर प्रत्येक घासात दातांना अख्खा दोर तोडावा लागतो. रेषांना काटकोनात, आडवा काप दिला, तर तंतूंची लांबी कापाच्या जाडीएवढीच उरते आणि चावताना ते नुसते एकमेकांपासून सुटतात. अडचण अशी, की मांडीत एकच स्नायू नसतो. पातळ पापुद्र्यांनी वेगळे झालेले कितीतरी स्नायू तिथे असतात आणि प्रत्येकाच्या रेषांची दिशा निराळी असते. म्हणून आधी त्या पापुद्र्यांवरून बोट फिरवत स्नायू सुटे करावेत, वरची चंदेरी, चिवट पातळ कातडी सुरीने सोलून काढावी (ती शिजून विरघळत नाही) आणि मग प्रत्येक तुकडा फिरवून त्याच्या रेषांना आडवे, साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करावेत. मांस अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवून किंचित घट्ट केले, तर सुरी सरकत नाही आणि काप एकसारखे येतात. खाटकाला घाई असते. त्याच्याकडून चौकोनी तुकडे करून घेतले, तर त्यांतले बरेचसे लांबीनेच कापलेले निघतात. त्यामुळे बिनहाडाचे मटण मी अख्खे आणते आणि घरी कापते.

असे काप केल्यावर पपईची गरज फारच थोडी उरते, पण जून जनावराच्या मांडीला ती लावायला माझी हरकत नाही. कच्च्या पपईच्या पांढऱ्या चिकात पपेन नावाचे विकर असते आणि ते प्रथिनांच्या साखळ्या तोडते. हिरव्या सालीलगत हा चीक सर्वांत जास्त असतो, म्हणून सालीसकट वाटण करावे. फळ पिकत जाते तसा चीक ओसरतो, आणि शिजवलेल्या पपईत तर विकर उरतच नाही. अर्धा किलो कापांना एक मोठा चमचा वाटण आणि पाऊण ते एक तास, एवढे पुरेसे आहे. चिकाने हाताची त्वचा चुरचुरते, तेव्हा चोळताना चमचा वापरावा.

तुमच्या मटणाचा लगदा का होतो, हे समजण्यासाठी पपेनच्या दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी, की ते मांसात खोल शिरत नाही. जिथे लागते त्या पृष्ठभागावर आणि त्याखाली काही मिलिमीटरच काम करते. मोठा तुकडा रात्रभर पपईत ठेवला, तर आतला गाभा होता तसाच राहतो आणि वरचा थर मात्र तोडत तोडत इतका बारीक होतो, की तो तोंडात पिठूळ लागतो. वेळ वाढवून खोली वाढत नाही, नुसता वरचा लगदा वाढतो. दुसरी गोष्ट अशी, की फ्रिजच्या थंडीत पपेन अगदी मंद असते आणि खरा जोर धरते ते मांस शिजायला लागून ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तापत असताना. त्याहून बरेच तापल्यावर ते निकामी होते. त्यामुळे पपई लावलेले काप तापलेल्या तव्यावर भराभर परतले तर ते घट्ट राहतात, आणि तेच काप थंड पातेल्यात घालून मंद आचेवर चढवले, तर विकराला नको तितका अवधी मिळतो. बोटांनी दाबल्यावर कापाची कड चिखलासारखी निसटू लागली असेल, तर तो आणखी मुरवू नये; लगेच परतावा.

लखनौच्या गलावटी कबाबात पपई इतकी उत्तम का चालते, याचे कारणही हेच आहे. तिथे बारीक खिमा असतो, म्हणजे सगळे मांस पृष्ठभागच, आणि तो विरघळल्यासारखा व्हावा हीच अपेक्षा असते. आपल्याला सुक्या मटणाचा तुकडा चावताना जाणवायला हवा असतो, तेव्हा ते प्रमाण इथे आणू नये.

दह्याचे काम पपईहून वेगळे आणि पुष्कळ सौम्य आहे. त्यातल्या लॅक्टिक आम्लामुळे पृष्ठभागावरची प्रथिने हळूहळू उलगडतात, पण तेही वरवरच. मी दह्यावर भर देते तो निराळ्या कारणाने. घट्ट दही मसाला आणि मीठ मांसाला चिकटवून ठेवते, आणि त्यातले मीठ हाच मुरवणातला असा घटक आहे, जो खरोखर आतपर्यंत पोहोचतो. मीठ तंतूंमधली काही प्रथिने सैल करते आणि त्यामुळे शिजताना मांस आपले पाणी अधिक धरून ठेवते. म्हणून अर्ध्या किलोला अर्धी वाटी घट्ट, ताजे दही घ्यावे, त्यात चमचाभर मीठ आधीच घालावे, आणि फ्रिजमध्ये सहा ते दहा तास ठेवावे. मीठ शेवटी घालण्याची सवय असेल, तर दह्याचा निम्मा उपयोग वाया जातो. दही फार आंबट असेल किंवा मटण त्यात दोन-दोन दिवस पडले असेल, तर वरचा थर खडूसारखा कोरडा होतो. पपई लावायचीच असेल, तर ती या दह्यात रात्रभर ठेवू नये. परतण्याआधी शेवटच्या तासात मिसळावी.

आता नळी आणि मान. इथे पपई लावूच नये, कारण या तुकड्यांचा वातडपणा आतल्या जाळ्यात असतो आणि पपई तिथवर पोहोचत नाही. इथे फक्त ओली उष्णता आणि वेळ कामाला येतात. मांस साधारण ६० ते ६५ अंशांना पोहोचले की कोलॅजेनचे जाळे आवळले जाते आणि तंतूंमधले पाणी पिळून काढते. या टप्प्यावर मटण कच्च्यापेक्षाही कडक लागते. शिजायला ठेवून अर्धा-पाऊण तास झाल्यावर एक तुकडा चाखून "हे मटण शिजणारच नाही" असे म्हणून लोक आच मोठी करतात, ते नेमके याच वेळी. वास्तविक तेव्हा फक्त थांबायचे असते. मंद आचेवर, कडेला एखाददुसरा बुडबुडा येत राहील इतक्याच उष्णतेवर मटण ठेवले, तर ते आवळलेले कोलॅजेन हळूहळू सुटते आणि त्याचे जिलेटिन होते. तंतू तेव्हाही आकसलेलेच असतात, पण त्यांना बांधणारे काही उरत नाही आणि मधल्या जिलेटिनमुळे ते ओलसर लागतात. जून बोकडाच्या नळीला यासाठी दोन ते अडीच तास लागतात. खळखळून उकळल्याने हा वेळ फारसा कमी होत नाही. तंतू मात्र सुटून चोथा होतात.

झाकणावर पाणी ठेवून मटण शिजवण्याची आपली जुनी पद्धत इथे फार कामाची आहे. वाफ झाकणाला लागून पुन्हा आत पडते, आणि रस्सा आटला तर घालायला वरचे पाणी गरमच मिळते. गार पाणी ओतले, तर पातेल्याचे तापमान एकदम खाली येते आणि शिजण्याची चाल मोडते.

शिजले की नाही, हे घड्याळापेक्षा हाडावरून कळते. नळीच्या टोकाशी मांस मागे सरून बोटाच्या पेराएवढे हाड उघडे पडते, आणि चमचा खुपसून जरा फिरवला की तुकडा तंतूंच्या रेषेत स्वतःहून उलगडतो. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवल्यावर सकाळी वरच्या तेलाच्या थराखाली तो थलथलीत गोठलेला दिसला, तर ते जिलेटिन आहे आणि जाळे पुरते सुटले, याची ती खूण आहे. रस्सा पाण्यासारखा पातळच राहिला आणि तुकडाही ओढून तोडावा लागला, तर वेळ कमी पडला असे समजावे आणि गरम पाणी घालून पुन्हा मंद आचेवर चढवावे.

कुकरमध्ये दाबाखाली पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापते, त्यामुळे हेच काम पुष्कळ लवकर होते. पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करून जून मटणाला २५ मिनिटे द्यावीत. शिट्ट्या मोजून काही कळत नाही, कारण प्रत्येक कुकरची आणि शेगडीची चाल वेगळी असते. त्यानंतर कुकर आपोआप निवू द्यावा. शिट्टी उचलून वाफ एकदम सोडली, तर आतला रस्सा जोरात उकळतो आणि तुकडे कोरडे पडून फाटतात. कुकर उघडल्यावर मटण अजून घट्ट असेल, तर पुन्हा दाब देण्याआधी मी झाकण काढून १५-२० मिनिटे मंद आचेवर ठेवून बघते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते.