२.४ मोठा की २.३५? पाचवीला दशांश शिकवताना आलेला माझा अनुभव

आमच्या तासगाव भागात पाचवीच्या पोरांना दशांश अपूर्णांक म्हटलं की पहिल्यांदा पैसे आठवतात आणि आपण शिक्षकही तिथूनच सुरू करतो, कारण सोपं पडतं. बारा रुपये पन्नास पैसे म्हणजे १२.५०, लिहिलं, झालं. यंदा मीपण सुरुवात पैशांनीच केली पण लहानमोठेपणा आणि संख्यारेषा मात्र टेप घेऊन व्हरांड्यात शिकवली. ते कसं जमलं ते लिहिते.

आधी पैशांची अडचण सांगते. किमतीत पॉइंटनंतर कायम दोन आकडे असतात, त्यामुळे १२.५० आणि १२.७५ यातलं मोठं कुठलं विचारलं की सगळा वर्ग बरोबर सांगतो. आपल्याला वाटतं पोरांना कळलं. खरं म्हणजे पोरं दशांश बघतच नसतात, ती पॉइंटच्या अलीकडे रुपये आणि पलीकडे पैसे अशा दोन वेगळ्या संख्या बघतात आणि ७५ पन्नासपेक्षा मोठे म्हणून मोकळी होतात. त्याच वर्गात १२.५ लिहून वाचायला सांगा, निम्मी पोरं म्हणणार बारा रुपये पाच पैसे! त्यात आणखी एक, या पोरांनी पैसे हातात धरलेलेच नाहीत. चार आण्याचं नाणं २०११ सालीच बंद झालं, तेव्हा यांचा जन्मही नव्हता, आणि आठ आणे चालू असले तरी दुकानदार घेत नाही. त्यामुळे दहा पैसे म्हणजे रुपयाचा दहावा भाग हे त्यांच्यासाठी फक्त पाठांतर राहतं.

म्हणून कुणाला कळलंय आणि कुणाला नाही हे बघायला जोड्या निवडून द्याव्या लागतात. २.३ आणि २.७५ दिलं तर चुकीचा विचार करणारं पोरगंसुद्धा बरोबर उत्तर देतं, कारण ७५ तीनपेक्षा मोठेच आहेत, मग त्यातून आपल्याला काय कळणार? २.४ आणि २.३५ द्या, लगेच कळतं. पण तेवढ्यावरही थांबू नये. काही पोरांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं, पॉइंटनंतर जास्त आकडे म्हणजे बारीक तुकडे म्हणजे लहान संख्या, ती पोरं २.४ मोठा हे बरोबर सांगतात पण कारण भलतंच. त्यांना २.३ आणि २.४७ दिलं की २.३ मोठा म्हणतात. या दोन जोड्या मी पाटीवर एकाखाली एक लिहून घेते आणि प्रत्येकाला "का?" विचारते, नुसतं उत्तर धरत नाही.

आता टेपचं. तालुक्याच्या खेळांसाठी लांब उडीचा सराव चालूच होता, तर मी फळ्यावर दोन उड्या लिहिल्या, एक २.४ मीटर आणि एक २.३५ मीटर, आणि विचारलं, नंबर कुणाचा? एक पोरगा ताडकन उठला, "मॅडम, पस्तीसवाला! चारापेक्षा पस्तीस मोठं की." बऱ्याच जणांनी माना हलवल्या. मी काहीच बोलले नाही, स्टीलचा पाच मीटरचा टेप काढला आणि सगळ्यांना व्हरांड्यात नेलं. (टेपच्या एका कडेला इंच असतात, ती कड आधीच खडूने झाकून टाका, नाहीतर पोरं तिथलेच आकडे वाचत बसतात.)

फरशीवर खडूने सरळ रेघ मारली, शून्य, एक मीटर, दोन मीटर, तीन मीटर अशा खुणा केल्या. मग दोन आणि तीनच्या मध्ये दहा समान भाग करायचे. इथे हमखास घोळ होतो. दहा भाग म्हटल्यावर पोरं मध्ये दहा रेघा मारतात, मग भाग होतात अकरा. दहा भागांना आत नऊच रेघा लागतात, हे मी सांगितलं नाही, एकीला एकेका भागावर पाय ठेवत मोजायला लावलं, अकरा आले तेव्हा पोरांनीच एक रेघ पुसून टेपने पुन्हा मापलं. प्रत्येक भाग दहा सेंटीमीटरचा, म्हणजे मीटरचा दशांश. चौथ्या रेघेवर २.४. मग २.३५ कुठे? दोन मीटरच्या पुढे तीन भाग पूर्ण, आणि उरलेले पाच हे पाच सेंटीमीटर, म्हणजे शतांश. तिसऱ्या आणि चौथ्या रेघेच्या मधल्या जागेचे पुन्हा दहा भाग केले, पाचव्यावर खूण केली. ती २.४ च्या अलीकडे! तो पस्तीसवाला खाली बसून टेप बघायला लागला, तिथे २३५ आणि २४० दिसत होतं, म्हणाला, "म्हणजे चार म्हणजे चाळीस हाय व्हय मॅडम." तिथून २.४ आणि २.४० एकच हे वेगळं शिकवावं लागलं नाही, दोन्ही खुणा एकाच जागी येतात हे समोर दिसत होतं.

वर्गात आल्यावर वहीत संख्यारेषा. मीटर वहीत मावत नाही म्हणून दोन ते तीन हे अंतर दहा सेंटीमीटर धरलं. ही सोय फार छान आहे, कारण मग दशांश बरोबर एक सेंटीमीटरचा आणि शतांश एक मिलिमीटरचा येतो, नेहमीच्या पट्टीवर सगळं बसतं. पण इथे एक गडबड झाली, काही पोरांनी २.३५ च्या खुणेखाली ३.५ लिहिलं, कारण पट्टीवर तेवढंच दिसत होतं. म्हणून रेषा काढल्या काढल्या दोन्ही टोकांना २ आणि ३ लिहायला लावते आणि खूण झाली की पट्टी उचलायला सांगते, मग संख्या लिहायची.

यानंतर पैसे परत आणले, आणि आता ते खरे कामाला आले. तीच रेषा, पण आता दोन रुपये ते तीन रुपये, एक भाग दहा पैशांचा. २.०५ विचारलं तर बऱ्याच जणांनी मधोमध, २.५ वर खूण केली होती. दोन रुपये पाच पैसे आणि दोन रुपये पन्नास पैसे म्हणून विचारल्यावर बोट आपोआप डावीकडे सरकलं, २ आणि २.१ च्या मध्ये. शून्य जागा धरून बसतो हे पैशात लवकर पटतं, असं माझं तरी मत झालंय. आणि वाचताना "दोन पॉइंट पस्तीस" म्हणू देत नाही, "दोन पॉइंट तीन पाच" म्हणायला लावते, पस्तीस ऐकलं की पोरं परत पहिल्या जागी जातात.

अजून काही जण मधेच घसरतात. त्यांना मी आता फक्त रिकामी रेषा देते, टोकांना २.३ आणि २.४ लिहिलेलं, मध्ये काही नाही, आणि विचारते, या दोघांच्या मध्ये बसेल अशी एक संख्या सांग. "मधी काय नसतंयच की" असं उत्तर आलं की टेप परत व्हरांड्यात जातो.