महाल

दुबईत एका सुपरमार्केटमध्ये, जानेवारी २०२४ च्या एका दुपारी, आतेने कांदा उचलला, भावाची पट्टी वाचली आणि तो परत ठेवला. "आय, आंग महाल!" एवढं म्हणेपर्यंत तिचा फोन वाजला. मनिलाहून धाकटा लेक. पाच-सात मिनिटं काहीबाही बोलून फोन ठेवताना ती म्हणाली, "महाल किता." आवाज मात्र वेगळा. मघाशी कांद्यावर ओरडली होती, आता लोणी.

आते म्हणजे माझी आत्या नव्हे. टागालोग या फिलिपिन्सच्या भाषेत थोरल्या बहिणीला आते म्हणतात. आमच्या लॅबमधली सगळी फिलिपिनो मंडळी तिला आते म्हणतात, म्हणून मीही म्हणते. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मनमाडच्या आत्याने ओ दिल्यासारखं वाटलं होतं.

माझ्या कानांना दोन्ही वेळा राजाचा महाल ऐकू आला. मी विचारलं, तर आते हसायला लागली. म्हणे एकच शब्द. वस्तूबद्दल असेल तर महाग, माणसाबद्दल असेल तर लाडकं. आंग महाल म्हणजे 'किती महाग!' आणि महाल किता म्हणजे, थोडक्यात, 'तू मला महाग आहेस'. यातल्या कितामध्ये 'मी' आणि 'तू' दोघंही एकाच शब्दात बसलेले असतात. मराठीत मी एका टोकाला आणि तू दुसऱ्या टोकाला, मध्ये 'तुझ्यावर' नावाचं फाटक. लिहिताना अगदी असाच दिसणारा दुसरा किता आहे, त्याचा अर्थ कमाई. त्यात जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा, प्रेमातला किता दुसऱ्या अक्षरावर. आतेने दोन्ही म्हणून दाखवले. मला फरक कळला असं मी तोंडदेखलं सांगितलं.

पत्राच्या शेवटी 'तुझीच' लिहावं तसं ते 'नागमामहाल' लिहितात. प्रेम करणारी. पण तांदळाबद्दल तेच बोललं, तर तांदूळ महागत चाललाय. 'नागमहाल' म्हणजे प्रेम केलं, किंवा महागलं. त्यामुळे 'कांदा महागला' हे वाक्य टागालोगमध्ये ऐकलं की क्षणभर कांदाच कुणाच्या तरी प्रेमात पडल्यासारखा वाटतो. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आहे ना, तोही 'महाल ना आराव'. महाग दिवस. राजाला 'कामहालान' म्हणायचं, म्हणजे महाराज. आणि महागाईलाही कामहालानच.

यावर आतेने मला तिच्या गावची गोष्ट सांगितली, म्हणजे बातमीच. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या जानेवारीत, फिलिपिन्समध्ये कांदा किलोला सातशे पेसोंच्या आसपास गेला होता. मांसापेक्षा कांदा महाग. दुबई आणि रियाधहून मनिलाला उतरलेल्या विमानांतल्या दहा कर्मचाऱ्यांच्या बॅगांत कस्टमला कांदे सापडले, ते जप्त झाले. आणि इलोइलोमध्ये एक नवरी फुलांऐवजी कांद्यांचा गुच्छ हातात घेऊन लग्नाला उभी राहिली. फुलं वाळून फुकट जातात, कांदे निदान संसारात तरी उपयोगी पडतील, असा हिशेब. आते हे हसून हसून सांगत होती. मी हसले नाही. मी लासलगावजवळची आहे.

आमच्याकडे 'महाग' हा शब्द तक्रारीचा नव्हता. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढायचा, आई आणि काकू विळ्याने पात कापत बसायच्या, आम्ही पोरं बारकी गोल्टी वेगळी काढायचो, आणि चांगला माल कांदाचाळीत. मग पावसाळाभर नाना चाळीशी बसून राहायचे. एखादा कांदा सडला की त्याचा वास आधी त्यांना यायचा. रोज हात घालून नासका कांदा शोधायचे, जसा आई डब्यात गव्हाला हात घालते. रेडिओवर बाजारभाव लागले की घरात कुणी शिंकायचं नाही. आणि कधीतरी ट्रॅक्टर लिलावातून रिकामा यायचा, नाना उतरायच्या आधीच ओरडायचे, "महागला!" त्या दिवशी जिलबी. 'स्वस्त झाला' हे मात्र घरात कुणी मोठ्याने म्हणायचं नाही. एका वर्षी ट्रॅक्टर माल घेऊनच परत आला. भाडं सुटत नव्हतं. तो ढीग बांधाला ओतला, आणि पुढे आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्या गायींना आमच्याकडून मेजवानी. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. गायींचा हेवा वाटला होता.

शहरात शिकायला गेल्यावर मैत्रिणीच्या आईने "कांदा किती महाग झालाय गं!" असं कपाळाला हात लावून म्हटलं. मी आनंदाने "हो ना!" म्हणाले होते.

म्हणून आतेचा शब्द मला चमत्कारिक वाटला नाही. चमत्कारिक आपलाच वाटतो. मराठीत महाग झालेली गोष्ट दूर जाते. माणूस अन्नाला महाग होतो, घोटभर पाण्याला महाग होतो, म्हणजे त्याला ते मिळेनासं होतं. आपला महाग संस्कृतातल्या महार्घमधून आला. अर्घ म्हणजे मोल. तोच अर्घ मलयमधून टागालोगमध्ये जाऊन 'हालागा' झालाय, आणि तिथेही त्याचा अर्थ मोलच. याहून गंमत सिंताची. सिंता म्हणजे प्रिया, प्रेम, जरा जुन्या कवितेतला शब्द. तो मुळात आपली चिंता! समुद्र ओलांडून गेली आणि तिचं प्रेम झालं. नानांचा अख्खा पावसाळा यात बसतो खरं तर, पण ते त्यांना सांगायला गेलं तर म्हणतील, दुबईत पगार याचाच देतात का.

आता त्या दुपारचं. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याकडून कांद्याची निर्यात बंद झाली होती, मे २०२४ पर्यंत बंदच होती. त्यामुळे दुबईत भाव चढला आणि लासलगावला कोसळला. मी आणि आते एकाच टोपल्यासमोर उभ्या होतो. तिला तो महाग म्हणून नको होता. मला तो महाग बघून बरं वाटत होतं, आणि तसं वाटायला काहीही कारण नव्हतं, कारण त्यातली एक दमडी आमच्या चाळीकडे जाणार नव्हती. टोपल्यातले कांदे आपले नव्हतेच. साल जाड, रंग फिका. मी दोन किलो घेतले. आते बघत राहिली.

रात्री घरी फोन केला. नानांनी नेहमीसारखं आधी हवा विचारली, मग "तिकडं कांदा काय भाव?" मी सांगितला. पलीकडे ते मनातल्या मनात दिरहमचे रुपये करत असावेत, बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

"मंग बरंय की तिकडं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.