स्लाइडवरून अहवालाकडे: वाचन उपक्रमाचं पान तयार झालं

आमच्या संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पडद्यावर दाखवलेल्या स्लाइड्सवरून सभासदांसाठी अहवालातला ‘वर्षभरातले उपक्रम’ हा विभाग लिहायचं काम चालू आहे. या टप्प्यावर वाचन उपक्रमाचं पान पूर्ण झालं. ते एकच पान सविस्तर सांगतो, कारण या कामात जे जे अडतं ते जवळपास सगळं त्यात आलं.

आधी मजकूर बाहेर काढणं. बऱ्याच स्लाइड्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. ओळखायची सोपी खूण म्हणजे मजकूर निवडून फॉन्ट बदलून Mangal किंवा Nirmala UI करायचा. मराठी तसंच राहिलं तर युनिकोड, रोमन अक्षरं उघडी पडली तर जुना फॉन्ट. पॉवरपॉइंटमध्ये Replace Fonts उघडलं की फाइलमधल्या सगळ्या फॉन्टची यादी समोर येते, तिथून सुरुवात करावी.

रूपांतर करताना पूर्ण स्लाइड एकदम कन्व्हर्टरमध्ये टाकू नये. एकाच चौकटीत मराठी शब्द जुन्या फॉन्टमध्ये आणि आकडे किंवा इंग्रजी नाव साध्या फॉन्टमध्ये असतं. कन्व्हर्टरला हा फरक कळत नाही. तो इंग्रजी नावाचंही निरर्थक मराठी करतो, आणि कंस, टक्क्याचं चिन्ह, अर्धविराम यांच्या जागी चक्क अक्षरं बसवतो, कारण जुन्या फॉन्टमध्ये त्या कळांवर अक्षरंच होती. म्हणून फॉन्टनुसार तुकडे पाडून फक्त जुन्या फॉन्टचे तुकडे बदलून घेतले.

त्यानंतरचं मुद्रितशोधन डोळ्यांनीच करावं लागतं. पहिली नजर रफारावर, कारण ‘कार्यकर्त्यांच्या’सारख्या शब्दात तो हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. दुसरी ऱ्हस्व वेलांटीवर, विशेषतः ती जोडाक्षराला लागते तिथे. ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दिसलं की समजावं, तिथे एखादं चिन्ह अक्षराविना पोरकं झालंय. ‘ऱ्या’चा त्रास मात्र दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकदा ऱ (U+0931) वापरून, एकदा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (U+200D) वापरून. छापून दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेतला तर एक सापडतो आणि दुसरा निसटतो. आडनावांची सूची करायची असेल तर आधीच सगळीकडे एकच रूप करून घ्या.

आता मूळ स्लाइड. तिच्यावर एवढंच होतं:

वाचन तास – मुलांसाठी
6 केंद्रे → 4 केंद्रे
उपस्थिती 50% वाढ
प्रतिसाद उत्तम!!

शेजारी दोन खांबांचा आलेख, त्यात यंदाचा खांब गेल्या वर्षीच्या चौपट उंच.

स्लाइडवर क्रियापद नसतं, कारण ते बोलणाऱ्याच्या तोंडी असतं. कार्यक्रम संपला की ते हवेत विरतं. अहवाल वाचणारा सभासद तिथे नव्हता असंच धरून चालावं लागतं. त्याला पहिला प्रश्न पडणार: केंद्रं कमी झाली तर उपस्थिती वाढली कशी? आणि पन्नास टक्के वाढ म्हणताय, तर खांब चौपट कसा?

उत्तरं फाइलमध्येच दडलेली होती. `.pptx` फाइलची एक प्रत काढून तिचं नाव `.zip` केलं की ती उघडता येते. `ppt/media` मध्ये चित्रं, `ppt/notesSlides` मध्ये वक्त्याची टिपणं आणि `ppt/embeddings` मध्ये बऱ्याचदा आलेखामागचा तक्ता मिळतो. टिपणात एकच ओळ होती: ‘दोन केंद्रांना जागा नाही, मुलं जवळच्या केंद्रात.’ तक्त्यात गेल्या वर्षीचे 24 आणि यंदाचे 36 हे आकडे होते, म्हणजे वाढ खरोखर पन्नास टक्के. आलेखाचा अक्ष मात्र 20 पासून सुरू केलेला. त्यामुळे एका खांबाची उंची 4 उरली, दुसऱ्याची 16. आकडे खरे, चित्र दिशाभूल करणारं. अहवालात खांब ठेवायचेच तर अक्ष शून्यापासून घ्यावा. मी आलेखच काढून टाकला. दोन आकड्यांना एक वाक्य पुरतं.

तरी एक गाठ राहिली. 36 म्हणजे काय? नोंदवलेली मुलं, की प्रत्यक्ष आलेली? तक्त्याला शीर्षक नव्हतं. उपक्रम पाहणाऱ्या ताईंना विचारलं.

“ताई, हा आकडा एका केंद्राचा आहे की सगळ्यांचा?”

“सगळ्या केंद्रांचा मिळून. दर आठवड्याची हजेरी लिहितो ना, तिची सरासरी आहे. नोंदणी वेगळी, ती यापेक्षा जास्त आहे.”

मग चित्र उलगडलं. गेल्या वर्षी 6 केंद्रांत 24, म्हणजे केंद्रामागे सरासरी 4 मुलं. यंदा 4 केंद्रांत 36, म्हणजे केंद्रामागे 9. सभासदांना सांगण्यासारखी खरी गोष्ट ही आहे, आणि ती स्लाइडवर कुठेच नव्हती. पानावर आता असं आलं:

‘मुलांसाठीचे साप्ताहिक वाचन तास यंदाही चालू राहिले. जागेअभावी दोन केंद्रे बंद करावी लागली आणि तिथल्या मुलांना जवळच्या केंद्रांत सामावून घेतले. उरलेल्या चार केंद्रांत मिळून आठवड्याला सरासरी 36 मुले आली. गेल्या वर्षी सहा केंद्रांत मिळून ही सरासरी 24 होती. एका केंद्रात आता साधारण नऊ मुले असतात.’

‘प्रतिसाद उत्तम’ काढला, कारण हजेरीचा आकडा तेच अधिक नेमकं सांगतो. मुलं का वाढली, याबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. केंद्रं कमी झाल्यामुळे वाढली असं सुचवणारं ‘त्यामुळे’ सहज लेखणीतून उतरतं, पण त्याला हजेरीपटात काही आधार नाही.

भाषेबाबत एक पथ्य पाळतोय. अहवाल म्हटलं की प्रत्येक वाक्य ‘करण्यात आले’वर संपतं आणि कुणी केलं ते कळतच नाही. जिथे कर्ता ठाऊक आहे तिथे तो लिहायचा: समितीने ठरवलं, स्वयंसेवकांनी हजेरी ठेवली. कर्ता ठाऊक नसेल तर आधी इतिवृत्त उघडायचं. बंद केंद्रांचा निर्णय तिथे तारखेसह सापडला, तो पुढच्या वाक्यात घातला.

छायाचित्रांचं थोडक्यात. `ppt/media` मधलं चित्र 900 पिक्सेल रुंद निघालं. 300 डीपीआयला ते छपाईत 3 इंच, म्हणजे साडेसात सेंटिमीटरच भरतं. एका स्तंभापुरतं ठीक, पूर्ण पानभर नाही. मोठं हवं असेल तर मूळ छायाचित्र काढणाऱ्याकडूनच मागवायला हवं.

पुढची स्लाइड जमाखर्चाची आहे. तिच्यातले आकडे कार्यक्रमाच्या दिवसापर्यंतचे आहेत आणि पूर्ण वर्षाचा ताळेबंद लेखापरीक्षकांकडे आहे. खजिनदारांकडून अंतिम प्रत येईपर्यंत ते पान कोरं ठेवलंय. दरम्यान क्रीडा दिनाच्या स्लाइड्सचं रूपांतर सुरू केलं आहे. त्यात नावांच्या याद्या लांबलचक आहेत, म्हणजे ‘ऱ्या’ची तपासणी पुन्हा पहिल्यापासून.