सहा शब्दांची घोषणा आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या

डिचोली तालुक्यातल्या आमच्या पंचायतीला कचरा वेगळा करण्यासाठी भिंतीवर रंगवायची घोषणा हवी होती. काम माझ्याकडे आलं. मी दहा मिनिटांत लिहून दिलं: ‘ओला वेगळा, सुका वेगळा, गाव आपला स्वच्छ सगळा’. यमक जुळलं होतं, मीही खूश होतो.

कचरा उचलणाऱ्या दादाने कागद वाचला आणि म्हणाला, "हे सगळ्यांना माहीत आहे. उद्या सकाळी टेम्पोवर या."

गेलो. तिसऱ्याच घरी ओल्याच्या बालदीत दुधाच्या रिकाम्या पिशव्या. विचारलं तर काकी म्हणाल्या, "पिशवी ओली आसा न्हय!" त्यांचं काय चुकलं? आपणच ‘ओला’ म्हणतो, त्यांनी हात लावून पाहिलं. पुढच्या घरी माशांचे काटे-खवले प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सुक्यात टाकलेले, कारण पिशवी बाहेरून कोरडी. शेडमध्ये ती पिशवी फुटते आणि माशाचं पाणी खालच्या पुठ्ठ्यांत मुरतं. तसला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. म्हणजे एका पिशवीपायी चार घरांनी नीट ठेवलेलं सुकं वाया.

घरी येऊन ‘ओला’ आणि ‘सुका’ हे दोन्ही शब्द खोडले. लिहिलं: ‘कुजेल ते एकीकडे, टिकेल ते दुसरीकडे’. दुधाची पिशवी आपोआप सुक्यात गेली (धुऊन, अर्थात). वाळलेली पानं ओल्यात आली. मला वाटलं, जमलं.

दादाने परत मान हलवली. "आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या?"

तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातली मासळी, आणि गोव्यात हा प्रश्न टाळून चालत नाही. शिंपली टिकते, म्हणून माझ्या घोषणेप्रमाणे लोक ती सुक्यात टाकणार, तीही रस्सा लागलेली. ओल्यात टाकली तर बायोगॅसच्या टाकीत ती सडत नाही, तळाशी गाळ होऊन बसते. करवंटीचंही तेच, पण ती निदान चुलीत जाते. शिंपली म्हणजे चुनखडीच. पूर्वी भाजून तिचा चुना करत. आपल्या तांबड्या आंबट मातीत माडाच्या बुंध्याशी ठेचून पुरली तर उपयोगीच.

हे सगळं एका ओळीत बसवायचा दोन दिवस प्रयत्न केला. शेवटी नाद सोडला. भिंत स्कूटरवरून जाता जाता वाचली जाते. तिथे सहा शब्दांपलीकडे कोणी थांबत नाही. मुख्य रस्त्यावर ‘कुजेल-टिकेल’च रंगवली. मासळी बाजाराच्या भिंतीवर मात्र वेगळी ओळ दिली: ‘काटे बालदीत, शिंपल्या माडाखाली, पिशवी घरी’. शब्द तिथेही सहाच.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका वहिनींनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "भाऊ, आमच्याकडे माड नाही, आता?" त्यांच्या शिंपल्या सध्या धुऊन वेगळ्या डब्यात साठतात आणि आठवड्याने आमच्या परसात येतात.