चौदा दिवस, सहा वह्या आणि दोन वाक्यं

"ताई, धर्मांच्या इतिहासाच्या पेपरला दोन आठवडे राहिलेत. बौद्ध, जैन, भक्ती, सूफी, शीख, एकोणिसावं शतक, सगळंच आहे. तुमचा रिव्हिजनचा टाइमटेबल पाठवता का?"

टाइमटेबल मी पाठवत नाही. लोकांना वाटतं, मी तो दडवून ठेवते. खरं सांगायचं तर तुमच्या डोक्यात जो टाइमटेबल आहे, तोच मी पहिल्या वेळी पाळला होता. सहा परंपरा, प्रत्येकीला दोन दिवस, उरलेले दोन दिवस नजर फिरवायला. प्रत्येक धर्माची वेगळी वही, तपकिरी कव्हर, वर नाव. मी एकही दिवस चुकवला नाही आणि तरी त्या पेपरात मी नापास झाले. आळस केला असता तर एवढं लागलं नसतं.

पेपरात प्रश्न आला होता तो राजाश्रयाचा: किमान तीन परंपरांच्या आधारे त्याची भूमिका तपासा. मला आनंदच झाला. सहाही वह्यांतली राजांची नावं पाठ होती. साडेतीन पानं लिहिली. अशोक, कनिष्क, हर्ष. मग खारवेल. मग अकबर. वेळेत संपवलं, पुरवणीही घेतली.

निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली. या उत्तराला वीसपैकी पाच गुण होते. दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं, "सातवाहन हे वैदिक धर्माचे कट्टर पुरस्कर्ते होते." तिसऱ्या पानावर, "सातवाहन हे बौद्ध धर्माचे मोठे आश्रयदाते होते." परीक्षकांनी दोन्ही वाक्यांना गोल केला होता, पहिल्यापासून कागदाच्या कडेपर्यंत आणि तिथून पुढच्या पानावरच्या दुसऱ्यापर्यंत रेघ ओढली होती आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह. बाकी एक शब्द नाही. छायाप्रतीत ती रेघ काळी दिसत होती, पण पेन इतकं दाबलेलं की ती जाड उमटली होती.

मी बराच वेळ स्वतःची बाजू मांडत होते. दोन्ही वाक्यं खरी आहेत! नाणेघाटच्या लेखात सातवाहन राणी नागनिकेच्या घराण्याने केलेले अश्वमेध, राजसूय, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, सगळं आहे. आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन नंबरचं लेणं त्याच घराण्याचं. मग चूक काय? चूक ही की पहिलं वाक्य वैदिक परंपरेच्या वहीतलं होतं आणि दुसरं बौद्ध धर्माच्या. चौदा दिवसांत या दोन वह्या एकदाही शेजारी उघडल्या नव्हत्या. उघडल्या असत्या तर तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख नीट वाचला असता. त्यात ती आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, 'एकब्राह्मण', म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणून गौरवते आणि त्याच लेखात ते लेणं भद्रयानीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना देते. माझी दोन्ही वाक्यं एका दगडावर आहेत आणि तिथे ती भांडत नाहीत. म्हणजे राजाचा धर्म आणि राजाचं दान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या उत्तरात नेमकं हेच नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी दिवस धर्मांना दिलेच नाहीत. पहिले तीन दिवस फक्त काळाची एक पट्टी, न बघता काढायची, चुकली की पुन्हा. पुढचे आठ दिवस चार प्रश्नांना, प्रत्येकी दोन: पैसा कुठून आला, कुठल्या भाषेत बोलले, गुरूनंतर कोण, आणि कोणाला आत घेतलं नाही. प्रत्येक प्रश्नाचा एक मोठा कार्डशीट, त्यावर सहा रकाने, वह्या मिटून भरायचे. जो रकाना कोरा राहतो तेवढंच वाचायचं. पहिल्या संध्याकाळी माझा बौद्ध रकाना गच्च भरला आणि शीख रकान्यात दोन ओळी. कशाची तयारी झालेली नाही हे तेव्हा दिसलं, परीक्षेच्या हॉलमध्ये नाही.

पैशाचा शीट कसा भरला ते सांगते, कारण बाकीचे तसेच भरतात. नाशिकचंच दहा नंबरचं लेणं घ्या. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात तिथे सांगतो की त्याने ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्या. आणि भिक्षूंसाठी लेणं कोरवून तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे, कायमचे ठेवले. त्यातले दोन हजार शेकडा दरमहा एक या व्याजाने. हिशोब करा: महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात पुढे म्हटलंय की वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात तिथे मुक्कामी असलेल्या, वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस! मुद्दल हलत नाही, दाता गेला तरी चीवर मिळत राहतं. पण ते मिळतं ती श्रेणी आणि तो बाजार टिकून आहे तोवर. राजाश्रयाची 'भूमिका' म्हणजे हे. नुसतं राजाचं नाव नाही.

आता शेजारचा रकाना. वारकऱ्यांना राजाश्रय नव्हता, असं आपण सरसकट लिहितो. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखात, 1273 ते 1277 या काळातल्या, विठ्ठलमंदिराला देणाऱ्यांत रामचंद्रदेव यादव आणि हेमाद्री पंडित आहेत. मंदिराला राजाचं दान होतं, पण पायी वारीला त्याची गरज नव्हती. त्याच्या शेजारी शीख रकाना: संगतीकडून, म्हणजे शिखांच्या समुदायाकडून, दसवंध, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आणि तो गोळा करणारे मसंद. 1606 मध्ये जहांगीरच्या काळात गुरू अर्जनदेवांना मृत्युदंड झाला, तरी परंपरा मोडली नाही. तिची तिजोरी बादशहाच्या हातात नव्हती, हे त्याचं एक कारण. हे तीन रकाने ओळीने वाचले की उत्तर तयार असतं, राजांची यादी लागत नाही.

यात एक धोका आहे आणि त्यात मी पडले होते. रकाने शेजारी आले की सगळं सारखं दिसायला लागतं. भिक्षुसंघ आणि शीख संगत यांना मी एका शीटवर 'समान संघटना' लिहून टाकलं होतं. संघात घर सोडून जावं लागतं, संगतीत घरदार सांभाळून बसता येतं. म्हणून प्रत्येक दोन रकान्यांमध्ये 'पण'ने सुरू होणारं एक वाक्य मी सक्तीने लिहायचे. ते सुचलं नाही तर एक रकाना अजून समजलेला नाही, असं धरायचं.

बारावा आणि तेरावा दिवस घड्याळ लावून लिहायला, एका प्रश्नाला पंचेचाळीस मिनिटं. चौदावा फक्त काळाच्या पट्टीला.

पास झाले. पण जुन्या टाइमटेबलवाली मी अजून गप्प बसत नाही. दुसऱ्या वेळच्या पेपरात टिपा होत्या आणि त्यांत वल्लभीची वाचना, म्हणजे जैन आगमग्रंथांचा पाठ ठरवणारी सभा, होती. देवर्धिगणी क्षमाश्रमण, पाचवं शतक, श्वेतांबर आगम लेखी झाले, हे सगळं तपकिरी वहीत होतं. माझ्या चारही शीटवर त्याला जागा नव्हती आणि ती टीप मी सोडली. धर्मवार वाचलं असतं तर ती सुटली नसती, असं ती म्हणते आणि मला ते खोडता येत नाही. ज्यांचं पहिलं वाचनच झालेलं नाही, त्यांना तर कोऱ्या रकान्यांचा काहीच उपयोग नाही. त्यांनी वह्याच उघडाव्यात.

म्हणून टाइमटेबल पाठवत नाही. एक कार्डशीट घ्या, 'पैसा कुठून आला' असं वर लिहा आणि आज रात्री वह्या मिटून भरा. किती रकाने कोरे राहिले ते मला कळवा, मग उरलेल्या दिवसांचं बोलू.